मदत हवी आहे: शिडाच्या बोटीवरून माणूस पाण्यात पडल्यावर क्विक स्टॉप की आठचा आकडा?

शिडाची_शिकाऊ

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरपासून मुंबई बंदरात चोवीस फुटी कीलबोटीवर शिकतेय. टिलर, मेन आणि जिब, बोटीवर आम्ही चौघं. इंजिन आहे, पण ते खाली केबिनमध्ये बांधून ठेवलेलं असतं, त्यामुळे ते नाहीच असं धरून चाला.

गेल्या रविवारी सरावाला फेंडरला बादली बांधली आणि पाण्यात टाकली. दुपारचा नेहमीचा वायव्येचा वारा, बारा नॉट्सच्या आसपास. मला आठचा आकडा शिकवलाय: बीम रीचवर निघायचं, पाच-सहा बोटलांबी जायचं, टॅक करायचा आणि परत यायचं. चार प्रयत्न केले. पहिल्या तीन वेळा फेंडरपाशी पोहोचले तेव्हा बोट तीन नॉट्सनी पळत होती. मेनशीट पूर्ण सोडली तरी थांबेना. बोटहुक घेऊन बसलेल्या मुलाच्या हातून फेंडर सुटला, तिसऱ्यांदा तर हुकसुद्धा गेला. चौथ्यांदा घाबरून फार वर आले, तर दोन बोटलांबी आधीच बोट थांबली आणि आडवी सरकायला लागली. टिलर कितीही ढकला, काही फरक नाही.

दुसरे एक शिक्षक म्हणाले, "हे जुनं झालं, क्विक स्टॉप कर." पहिल्या सरांचं म्हणणं, नवशिक्यांनी जाइबच्या भानगडीत पडू नये. नक्की काय करू?

बोर्डिंगपास

मांडवा फेरीबद्दल विचारताय का? आमच्या समोर एकाची टोपी उडाली होती, कॅप्टनने बोट वळवली नाही. माणसासाठी वळवतात का, हे मलाही जाणून घ्यायचंय.

शिडाची_शिकाऊ

नाही हो, शिडाच्या बोटीबद्दल. टोपीचं वाईट वाटलं.

डिंगीवाला

सोपं आहे. माणूस कायम वाऱ्याकडच्या बाजूने घ्यायचा. दुसऱ्या बाजूने घेतलात तर वजनाने बोट कलंडते आणि शीड त्याच्या डोक्यावर येतं. मी पंधरा वर्षं लेझर आणि एंटरप्राइज चालवतोय. आणि ओहोटी लक्षात घ्या. बंदरात ओढ जोरात असते, त्यामुळे माणूस वाहत जाणार त्या अंदाजाने पुढचा बिंदू धरून जायचं.

खाडीकर

ताई, तुमचा घोटाळा तुम्हीच लिहिलाय: "टॅक करायचा आणि परत यायचं." नेमकं तिथेच चुकतंय.

हिशोब सोपा व्हावा म्हणून वारा सरळ उत्तरेचा धरू. तुम्ही पश्चिमेला बीम रीचवर गेलात, टॅक केला, आणि सगळ्यांचे डोळे फेंडरवर असल्यामुळे बोटही सरळ फेंडरवर रोखलीत. म्हणजे आता पूर्वेला चाललात, पुन्हा बीम रीचवरच. या दिशेला मेनशीट पूर्ण सोडली की बूम शराउडला टेकतं. त्याच्या पुढे ते जाऊ शकत नाही, आणि तेवढ्यावरही शिडात वारा भरलेला राहतो. बोटीचा ब्रेक म्हणजे फडफडणारं शीड. ते फडफडेना, तर तुम्हाला ब्रेकच नाही.

म्हणून टॅक झाल्यावर लगेच फेंडरकडे जायचं नाही. नाक वाऱ्यापासून खाली पाडायचं, आपली जाताना काढलेली वाट ओलांडायची आणि फेंडरच्या दोन-तीन बोटलांबी खालच्या पाण्यात उतरायचं. आठच्या आकड्यातला फुलीचा भाग तो हाच. तुम्ही फुली न मारता लांबट शून्य काढत होतात. खाली उतरलात की मग वर वळा, फेंडरकडे, वाऱ्याशी साधारण साठ अंशांत. हा क्लोज रीच. इथे शीट सोडली की मेन झेंड्यासारखं फडफडतं, थोडी ओढली की बोट पुढे जाते.

पारख अशी: चार बोटलांबी बाकी असताना नाक फेंडरवर ठेवा आणि मेनशीट पूर्ण सोडून बघा. पूर्ण शीड फडफडलं, तर बरोबर जागी आहात. पोट भरलेलंच राहिलं, तर तुम्ही वाऱ्याकडे जास्त आहात. नाक चटकन खाली पाडा, एक-दोन बोटलांबी उतरा, परत फेंडरवर रोखा, परत सोडून बघा. ही पारख चार बोटलांबीवर करायची. एका बोटलांबीवर केलीत तर दुरुस्तीला पाणीच उरत नाही.

चौथ्या वेळचं दुखणं उलटं. सुकाणूला पकड वाहत्या पाण्याची असते. वेग गेला की टिलर म्हणजे नुसती काठी. शेवटच्या टप्प्यात शीट हातातच ठेवा: जरा ओढा, जरा सोडा. माणसापाशी पोहोचताना एखादा नॉट उरला पाहिजे, शून्य नको. आणि जिब आधीच सोडलेली हवी. नाहीतर ती नाक खाली ढकलत राहते आणि तुम्हाला वाटतं टिलर बिघडला.

आता क्विक स्टॉप. त्यातही शेवटचा टप्पा हाच, फक्त तिथवर जायची वाट वेगळी. पाच नॉट्सला बोट दहा सेकंदांत पंचवीस मीटर जाते आणि मिनिटाला दीडशे. चॉपमध्ये दीडशे मीटरवरचं डोकं शोधून दाखवा! म्हणून क्विक स्टॉपमध्ये लांब जायचंच नाही. आरोळी ऐकताच टिलर ढकलून थेट वाऱ्यात शिरायचं आणि टॅक होऊ द्यायचा, पण जिबची शीट सोडायची नाही. उलटी भरलेली जिब नाक पलीकडे लोटते आणि बोटीचा वेग मारते. वळणं चालूच ठेवा, वाऱ्याबरोबर खाली या. मेन तेव्हा जिबचा वारा अडवतं, त्यामुळे जिब डेकवर उतरवायला हीच सोयीची वेळ. मेनशीट घट्ट ओढलेलीच ठेवा. मग जाइब, आणि वर वळून क्लोज रीच.

जाइब कधी, हा खरा प्रश्न. माणूस अगदी बाजूला आल्याबरोबर केलात तर पुन्हा बीम रीचवर येता, म्हणजे तुमचा रविवारचाच घोटाळा. तो खांद्याच्या मागे जाईपर्यंत खाली जात राहा, मगच जाइब. फार खाली गेलात तर मात्र वर चढत यावं लागतं आणि मधे एक टॅक वाढतो.

मेनशीट घट्ट असेल तर जाइबमध्ये बूम हातभरच सरकतं. सैल सोडून केलात तर तेच बूम दुसऱ्याला पाण्यात पाडेल. तुमचे पहिले सर त्यालाच घाबरतायत, आणि अगदी उगाच नाही.

माझं मत: चौघं असाल आणि वारा बारा नॉट्स असेल तर क्विक स्टॉप. वारा पंचवीसला गेला आणि टिलरवर नवखा असेल, तर आठचा आकडा. पण तेव्हा बीम रीचवर पंधरा सेकंदांहून जास्त जाऊ नका.

डिंगीवाले, ओढीचं मात्र पटलं नाही. माणूस आणि बोट एकाच पाण्यात तरंगतात. ओहोटी दोघांनाही सारखंच नेते, त्यामुळे पुढचा बिंदू धरलात तर चुकालच. ओढ मोजायची ती नांगरलेल्या जहाजांच्या आणि बॉयांच्या संदर्भात: आपण दोघं मिळून कुणाच्या साखळीवर चाललोय का, एवढ्यासाठी.

डिंगीवाला

ओढीचं मान्य. वल्ह्याने काठावर जाताना करतो तो हिशोब मी इथे लावला. पण वाऱ्याकडच्या बाजूवर ठाम आहे.

खाडीकर

डिंगीत तुमचंच बरोबर. कीलबोट मात्र माणसाच्या वजनाने कलंडत नाही. आम्ही वाऱ्याआडच्या बाजूने घेतो, शराउडजवळ. तिथे काठ पाण्याला जवळ असतो आणि बोट सरकत माणसाकडेच येते. वाऱ्याकडे ठेवलात तर बोट त्याच्यापासून लांब सरकते, दोरी पोहोचली नाही तर पुन्हा फेरी. मोठ्या लाटेत बोट त्याच्या अंगावर आदळायची भीती आहे, हे कबूल. चांगले अनुभवी लोकही यावर दोन बाजूंनी भांडताना पाहिलेत.

हर्णैकर

आमच्याकडे मासेमारीच्या होडीवर शीड कुठलं, सगळं इंजिनावर. पण एक सांगतो. माझा चुलता रात्री जाळं सोडताना पडला होता. भावाने जीपीएसवर लगेच खूण केली. होडी वळवून खुणेवर आलो तर कोणी नाही. मग जाळ्याचा बॉया सोडला आणि तो जिकडे वाहतो तिकडे गेलो. चुलता हाका मारत होता, तेव्हा कळलं. ओढ होती, खूण जमिनीवर राहिली आणि माणूस पाण्याबरोबर गेला. म्हणून पडल्या क्षणी हाताला येईल ते तरंगणारं फेका. आणि एकाने फक्त पडलेल्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, त्याला दुसरं काम सांगायचं नाही. किनाऱ्याजवळ रेंज असली तर तटरक्षक दलाचा 1554 पाठ ठेवा, रेडिओवर चॅनल 16.

बादलीभर_पाणी

मी आणि मिस्टर दोघंच जातो. तेच पडले तर मी शीड बघू, बोट दाखवू की टिलर धरू? आणि त्यांचं वजन ब्याण्णव किलो आहे.

खाडीकर

वहिनी, दोघांत आठचा आकडा विसराच. टॅक करताना पाठ वळली की ते दिसेनासे होतील. क्विक स्टॉपसारखंच वळायचं आणि मागे तरंगत्या पट्ट्याची लांब दोरी सोडून त्यांच्याभोवती गोल फिरायचं. वॉटरस्कीवाल्याला दोरी देतात तसं. दोरी त्यांच्याजवळ आपोआप येते, नेम धरावा लागत नाही. पट्टा काखेखाली घातला की शिडं पाडायची आणि ओढून घ्यायचं. वर काढताना हाताच्या जोरावर जाऊ नका, ब्याण्णव किलो आणि भिजलेले कपडे तुम्हाला उचलणार नाहीत. जिबची हॅलिअर्ड पट्ट्याला अडकवून विंचवर घ्या. बंदरात नांगर टाकून, उन्हात, एकदा मिस्टरांना खरोखर उतरवून बघा. तुमच्या विंचला तेवढा जोर आहे का ते तेव्हाच कळेल. छोट्या बोटीवर बहुतेक वेळा नसतो, मग दोन कप्प्यांची पुली मधे लावावी लागते.

बादलीभर_पाणी

मिस्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणतायत आधी तू उतर.

शिडाची_शिकाऊ

आज परत गेलो होतो. ऑयस्टर रॉकच्या अलीकडे, वारा दहा-बारा. आठचा आकडा पाच वेळा. मुद्दाम खाली उतरले तेव्हा फेंडर वाऱ्याकडे दिसायला लागला आणि मला वाटलं, आता काही पोहोचत नाही. पण वर वळल्यावर मेन खरंच झेंड्यासारखं फडफडलं. पाचपैकी तीनदा शराउडपाशी थांबलो. एकदा पारख करायची विसरले आणि शेजारून सुसाट गेले.

क्विक स्टॉप तीनदा केला. वेळ निम्म्याहून कमी लागला आणि फेंडर एकदाही नजरेआड झाला नाही. पण दुसऱ्या वेळी जिब अर्धी उतरली आणि पाण्यात लोंबली. पुढच्या डेकवरचा मुलगा ती ओढताना इतका वाकला की मला दुसरा फेंडर तयार ठेवावासा वाटला. जिब उतरवायला माणूस पुढे पाठवायचाच का? शीट सोडून फडफडत ठेवली तर नाही चालणार?

डिंगीवाला

फडफडत ठेवा. जाणारा सुखरूप राहिला पाहिजे.

खाडीकर

बारा नॉट्सला चालेल. वीसच्या पुढे ती शीट चाबकासारखी फिरते, आणि माणूस घ्यायचाय तो नेमका तिथेच, शराउडपाशी. मी उतरवतो, पण पुढे जाणाऱ्याला आधी टेदर अडकवायला लावतो. तुमच्या बोटीवर जॅकलाइन आहे का?

शिडाची_शिकाऊ

नाही. उद्या क्लबात विचारते.