मदत हवी आहे: मुलाखत आणि निरीक्षण जुळत नाही, त्रिकोणीकरण कसं मांडू?

सातवीच्या माझ्याच वर्गात सहा आठवड्यांचा छोटा गुणात्मक अभ्यास केला. विषय होता अपूर्णांकांच्या गटकामात मुलं एकमेकांना कशी मदत करतात. हाताशी 12 तासिकांच्या निरीक्षणनोंदी, 8 मुलांच्या मुलाखती आणि त्यांच्या वह्या आहेत.

मुलाखतीत 8 पैकी 6 जण म्हणाले, "अडलं की आधी गटात विचारतो." नोंदींत मात्र बहुतेक वेळा एकच मूल गणित सोडवतं आणि बाकीचे उतरवून घेतात. वह्याही तेच सांगतात: एका गटातल्या चारही वह्यांत 1/2 + 1/3 = 2/5 हीच चूक, आणि खाडाखोडसुद्धा त्याच ओळीत.

तिन्ही साधनांचा तक्ता करून पाहिला. एका सहकाऱ्याने दोन मुलाखतींचं स्वतंत्र संकेतन केलं, ते माझ्याशी बरंचसं जुळलं. मग त्या गटातल्या तिघांना माझा अर्थ वाचून दाखवला. एक जण पटकन म्हणाला, "विचारतो म्हणजे उत्तर विचारतो." मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मग दोन्ही साधनं खरी ठरतात, फक्त 'विचारणं' या शब्दाचा अर्थ वेगळा निघतो. पण हे सांगणारा एकच मुलगा आहे, आणि शिक्षक व संशोधक मीच असल्याने सगळी माहिती माझ्याच नजरेतून आली आहे.

सत्र संपलंय, नवी माहिती मिळणार नाही. चित्रीकरणाला परवानगी नव्हती.

अशा वेळी ही विसंगतीच निष्कर्ष म्हणून मांडावी, की फक्त निरीक्षण आणि वह्या जिथे जुळतात तेवढाच दावा करून त्या मुलाचं वाक्य संभाव्य स्पष्टीकरण म्हणून द्यावं?