पत्रांतून कादंबरी म्हणजे लेखकाची पळवाट?

तिरकस:
पत्रं आणि डायऱ्यांतून सांगितलेल्या कादंबऱ्या मला शुद्ध पळवाट वाटतात. निवेदन जमत नाही, मग वर तारीख टाकून मोकळं व्हायचं. शिवाय डायरी आपल्या हातात आहे म्हणजे लिहिणारा जगलाय, हे पहिल्याच पानावर फुटतं. मग धाकधूक कसली? तीच गोष्ट सरळ सांगितली असती तर काय बिघडलं असतं?

पानवेडा:
'ड्रॅक्युला' (१८९७) काढा. पहिली चार प्रकरणं जोनाथनची डायरी, ३ मे ते ३० जून. शेवटी तो ड्रॅक्युलाच्या वाड्यात अडकलेला, भिंतीवरून उतरून पळायचं ठरवतो आणि डायरी तिथेच तुटते. पुढचं प्रकरण उघडावं तर त्याच्या वाग्दत्त वधूचं, मीनाचं मैत्रिणीला पत्र, तारीख ९ मे. जोनाथनच्या घाईघाईतल्या चार ओळी आल्यात, तो बरा आहे, आठवड्याभरात परततोय, असं ती मजेत लिहिते. आपल्या पोटात गोळा येतो. सरळ निवेदनात कुणाला तरी 'तिला बिचारीला काय ठाऊक' असं सुचवावं लागलं असतं. इथे कुणी काही बोलत नाही, दोन तारखा आपणच ताडून बघतो.

आणि डायरी आहे म्हणजे लिहिणारा जगला? त्याच कादंबरीतला जहाजाचा कप्तान आठवा. सुकाणूला बांधलेलं त्याचं प्रेत सापडतं आणि शेवटची नोंद खिशातल्या बाटलीत.

श्रवणभक्त:
मी 'ड्रॅक्युला' ऐकली आहे. मला तर वाटलं जोनाथन सुटला आणि त्याने घरी पत्र धाडलं! भांडी घासताना तारखेकडे लक्ष कुणाचं असणार? वाचणारेही तारीख, पत्ता, 'प्रिय अमुक' सगळं एका दमात उरकतात.

पानवेडा:
मग तुम्ही निम्मी कादंबरी ऐकलीच नाहीत. तारीख ही सजावट नाही हो.

श्रवणभक्त:
हे बरंय! डोळ्यांच्या त्रासामुळे ऐकते मी, हौस म्हणून नव्हे. दर वेळी कुणी तरी येऊन सांगतं की ऐकणं म्हणजे वाचणं नाही. पुस्तकात बोट घालून मागची तारीख बघता येते, मला दहा मिनिटं मागे जावं लागतं. दोष माझा की अशा रचनेचा?

पानवेडा:
त्रासाचं ठाऊक नव्हतं, तेवढं बोलणं मागे घेतो. पण मागे जाऊन बघावंसं वाटणं हाच या प्रकाराचा परिणाम आहे, त्यावर ठाम आहे.

तिरकस:
कप्तान दिला तुम्हाला. पण बाकीचं? माणूस जिवाच्या भीतीने थरथरतोय आणि चार पानं संवाद शब्दन् शब्द उतरवून काढतोय! रिचर्डसनची 'पामेला' १७४० ची, एका मोलकरणीच्या पत्रांतून सांगितलेली. पुढच्याच वर्षी फील्डिंगने 'शामेला' लिहून तिची रेवडी उडवली. नायिका अंथरुणात पडून पत्र लिहितेय आणि लिहिता लिहिताच कळवतेय की मालक दारातून आत येतोय. यावर उत्तर आहे?

रेवा:
तुमचं भांडण चालू द्या. माझ्या ताईने माझी डायरी पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली होती. तेव्हापासून डायरीची कादंबरी हातात घेतली की चोरी केल्यासारखं वाटतं. कल्पित असली तरी.

पानवेडा:
रेवा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. लाक्लोची १७८२ ची कादंबरी, 'ले लिएझों दांजरझ'. त्यातलं ४८ वं पत्र बायकांना नादी लावणाऱ्या वालमाँचं, सोवळ्या तूर्वेलबाईला लिहिलेलं. रात्रभर झोप नाही, ज्या मेजावर लिहितोय ते आज प्रेमाची वेदी झालंय, वगैरे. एकटं वाचलं तर विरहाने पोळलेला माणूस. पण ४७ वं पत्र आपण आधीच वाचलेलं असतं. त्यात तो कटातल्या जोडीदारणीला, मेर्तयबाईला सांगतो की हे मेज म्हणजे शेजारी पडलेली एमिली नावाची गणिका. वर पाकीट उघडंच पाठवतो, वाच आणि मग पॅरिसचा शिक्का पडेल असं टपालात टाक. म्हणजे तूर्वेलच्या आधी मेर्तय वाचते आणि तिच्याबरोबर आपण. हसू येतं, आणि मग आपण कुणाच्या बाजूने हसलो ते कळतं. दोन पत्रांची अदलाबदल करा, तूर्वेलबरोबर आपणही फसू. धक्का बसेल, पण कटात सामील झाल्याची टोचणी उरणार नाही.

निवेदक नसतो असं नाही, तिरकसराव. पत्रांचा क्रम लावतो तोच निवेदक. 'शामेला'चा चिमटा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिरकस:
वा, म्हणजे कादंबरीकार टपाल खात्यातला कारकून! ठीक आहे, ४७-४८ साठी लाक्लोला माफ. पण तिथे सगळे खोटं बोलण्यात पटाईत आहेत म्हणून पत्रं शोभतात. साध्यासुध्या माणसाच्या डायरीला हे कसं लागू होतं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

रेवा:
साधीसुधी माणसं डायरीत खोटं लिहीत नाहीत, हे कुणी सांगितलं तुम्हाला? ताई वाचते हे कळल्यावर मी वर्षभर तिची स्तुती लिहीत होते.