पगाराचा वॉकथ्रू करून खोटा कर्मचारी खरंच सापडतो का?

नवखा_ऑडिटर: पगाराच्या ऑडिटला सीनियर म्हणतात, एक नवी भरती, एक पगारवाढ, एक राजीनामा घे आणि कागदापासून बँकेपर्यंत माग काढ. माझं म्हणणं, कर्मचाऱ्यांच्या माहितीचा सगळा मास्टर एक्सेलमध्ये घ्यायचा आणि एकच बँक खातं दोन नावांवर आहे का ते बघायचं. मग वॉकथ्रूत वेळ का घालवायचा?

आकडेमोड: बरोबर आहे तुमचं. चारशेतला एक माणूस उचलून काय कळणार? खातं, फोन, पत्ता जुळवा, अर्ध्या तासात यादी हातात. वॉकथ्रू म्हणजे फाइल जाड करायचा उद्योग.

खतावणी: डुप्लिकेट खात्यानं आळशी चोर सापडतो. त्रास देतो तो खरोखर नोकरीला असलेला, सोडून गेलेला आणि यादीतून न काढलेला माणूस. त्याचं नाव खरं, भरतीचे कागद खरे, आणि नंतर बदललेलं खातंही दुसऱ्या कोणाच्या नावावर नसतं. तुमच्या एक्सेलला त्यात काहीच खटकत नाही.

एका ठिकाणचं सांगतो. मागच्या महिन्यात ४१२ जण, नवे ९, गेलेले ६, म्हणजे ४१५. पगारपत्रकातही ४१५. ताळा जुळला, मॅनेजरची सही झाली. वॉकथ्रूत पगार बघणाऱ्या क्लार्कशेजारी बसून विचारलं, "गेलेल्यांची यादी कोण करतं?" उत्तर आलं, "मीच, पगाराच्या सिस्टीममधूनच काढते." म्हणजे ताळा स्वतःशीच जुळत होता, तो चुकणारच कसा? मग कॉम्प्युटर विभागाकडून त्या महिन्यात बंद केलेल्या लॉगिनची यादी मागवली. त्यात ७ नावं. सातव्या माणसाचा शेवटचा दिवस ४ तारीख, पण पगार पूर्ण महिन्याचा, आणि पुढच्या महिन्यातही चालूच. बदलांच्या नोंदीत १९ तारखेला त्याचं बँक खातं बदललेलं. नोंद क्लार्कच्या आयडीनं, मंजुरी मॅनेजरच्या आयडीनं, दोन्ही एकाच मिनिटाला. मॅनेजर त्या दिवशी रजेवर होते, पासवर्ड क्लार्ककडे.

आकडेमोड: पण शेवटी सापडलं ते दोन याद्या जुळवूनच ना? म्हणजे डेटाच.

खतावणी: जुळवून सापडलं, मान्य. पण कुठली यादी कुठल्या यादीशी जुळवायची हे त्या एका प्रश्नानं कळलं. नाहीतर तुम्ही पगाराची यादी पगाराच्याच यादीशी जुळवत बसला असता.

महिनाअखेर: माझी पगारवाढ मंजूर होऊन तीन महिने झाले, पत्रही हातात आहे, पण पगार जुनाच येतोय. एरिअर्स कधी मिळतील? हा पण वॉकथ्रूचाच विषय ना?

खतावणी: एरिअर्सचं एचआरला विचारा. पण उदाहरण कामाचं आहे. तुमच्या बाबतीत मंजुरी आहे आणि बदल नाही. ऑडिटर याच्या उलटं शोधतो, बदल झालेला आणि मंजुरीचा कागद नाही. म्हणून सुरुवात सिस्टीमच्या बदल-नोंदीपासून करून कागदाकडे जायचं. कागदापासून निघालात तर ज्याचा कागदच नाही तो बदल समोर येणारच नाही.

एकखांबी_तंबू: वाचायला छान आहे हे. आमच्याकडे अकाउंट्सला दोनच माणसं. भरतीची नोंद, पगार, बँक फाइल, सगळं एकाच्याच गळ्यात. नोंद एकानं करायची आणि मंजुरी दुसऱ्यानं द्यायची, असा मेकर-चेकर कुठून आणायचा? बॉस दरमहा एकूण रकमेवर सही करतात, तेवढं पुरतं.

खतावणी: एकूण रकमेवरची सही म्हणजे नुसती पोच. एक माणूस सोडून गेला आणि त्याचा पगार चालू राहिला तर एकूण रक्कम हलतच नाही. दोन माणसांतही एक करता येतं. नवे, गेलेले, दर बदललेले आणि खातं बदललेले, एवढाच रिपोर्ट बॉसनी स्वतःच्या लॉगिननं काढायचा. क्लार्कनं छापून आणलेला नको, छापण्याआधी एक ओळ उडवणं फार सोपं असतं.

एकखांबी_तंबू: बॉस आणि स्वतः रिपोर्ट काढणार! तुम्ही आमचे बॉस बघितलेले नाहीत.

नवखा_ऑडिटर: मग एक पगारवाढ नीट मंजूर दिसली, तर वर्षभराच्या मंजुऱ्या ठीक असं लिहू का?

खतावणी: मुळीच नाही. वॉकथ्रूनं पद्धत कशी आखली आहे आणि ती चालू आहे का एवढंच कळतं. वर्षभर पाळली का, यासाठी वेगवेगळ्या महिन्यांतले बदल निवडून तपासावे लागतील. आणि ज्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे आहे त्याची मंजुरी मी तरी मंजुरी धरत नाही.

आकडेमोड: इथे मी अडतो. मॅनेजर फोनवरून "हो, माझ्याच सांगण्यावरून केलं" म्हणाले तर? अर्ध्या ऑफिसांत असंच चालतं. सगळीकडे शेरा मारत बसणार?

खतावणी: मारतो. खातं बदललेलं असेल तर नक्कीच.

आकडेमोड: मला नाही पटत. दरवाढीला फोन आणि नंतर ईमेल एवढं चालायला हवं, नाहीतर पगार वेळेवर निघायचेच नाहीत.