अनुभव धागा: दुकानाची ऑनलाइन जाहिरात, थोडे पैसे घालून पाहिलेत का?

बर्तनवाला, इंदूर

पुढच्या रविवारी आमच्या बाजाराच्या व्यापारी संघाच्या बैठकीत मला दहा मिनिटं बोलायचंय. भाषण हिंदीत, समोर बसणारे सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांचं म्हणणं एकच: "मोबाइलवर अंगठे दाखवणारे गिऱ्हाईक नसतात, भिया." निम्मं खरंही आहे. तुमचे अनुभव हवेत, फसलेले आधी. सुरुवात माझ्यापासून.

राजवाड्याजवळ आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. कल्हईही करून देतो, कारागीर आठवड्यातून दोनदा येतो. सगळ्या दुकानाची जाहिरात न करता फक्त कल्हईची केली, कारण कल्हई हवी असलेल्या माणसाला ती कुठे होते हेच ठाऊक नसतं. गूगलवर रोज 200 रुपये, 15 दिवस. तीन हजार गेले तर गेले, हे आधीच ठरवलं होतं.

पहिल्या तीन दिवसांत 610 रुपये गेले आणि कामाचा फोन एकही नाही. मग Search terms उघडून पाहिलं. लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं ते तिथे दिसतं. मी शब्द दिला होता `kalai`. आता रोमन लिपीत कलई आणि कलाई एकच! मनगट दुखणाऱ्यांना, घड्याळवाल्यांना, मेंदीवाल्यांना मी कल्हईची जाहिरात दाखवत होतो. शब्द तसाच नुसता टाकला की गूगल त्याचा ऐसपैस अर्थ लावतो. तो काढून `"kalai wala"`, `"pital bartan kalai"` असे अवतरणचिन्हांत टाकले, आणि `dard`, `ghadi`, `mehndi` हे नको असलेल्या शब्दांत घातले. दुसरी खोच ठिकाणाची. इंदूर निवडलं तरी मूळ सेटिंगमध्ये इंदुरात नुसता रस दाखवणारेही धरले जातात, म्हणून एक फोन थेट पुण्याहून आला. ते Presence वर, म्हणजे प्रत्यक्ष इंदुरात असणाऱ्यांवर आणल्यावर असे फोन थांबले.

मोजायला एक जुना साधा फोन आणि नवं सिम घेतलं. तो नंबर जाहिरातीशिवाय कुठेच दिला नाही. वाजला की वहीत ओळ. पंधरा दिवसांत 38 फोन, त्यातले 17 जण दुकानात आले. चौघं आमचीच जुनी गिऱ्हाइकं निघाली, ती काही जाहिरातीमुळे आली असं धरता येत नाही, म्हणून खोडली. उरले 13. त्यांच्याकडून कल्हईचे 4,300 मिळाले, कारागिराचे आणि कथलाचे देऊन 1,500 उरले. सहा जणांनी भांडीही घेतली, 16,500 ची. आमचा नफा वीस टक्के धरा, म्हणजे 3,300. एकूण 4,800, जाहिरातीला गेले 2,940. हातात 1,860.

टिल्लू

दादा, रडताय कशाला? 2,940 घालून 20,800 चा धंदा, म्हणजे सात पट! हेच मोठ्या अक्षरात दाखवा. आणि गूगलपेक्षा इन्स्टावर बूस्ट मारा. मी मामाच्या साडीच्या दुकानाची रील बूस्ट केली, दोन हजारांत वीस हजार लोकांपर्यंत पोचली. दुकान नुसतं भरलेलं.

बर्तनवाला, इंदूर

सात पट सांगितलं की पहिल्या रांगेतले काका विचारतील, "माल फुकट आला का?" आणि तिथेच भाषण संपेल. बूस्ट केव्हा केलं होतंस?

टिल्लू

धनतेरसच्या आठवड्यात.

बर्तनवाला, इंदूर

मग जाहिरात नसती तरी भरलं असतं. आमच्या शेजाऱ्यांनी उलट केलं होतं. त्यांनी पितृपक्षात पैसे घातले, कोणी फिरकलं नाही, आणि तेव्हापासून ते सगळ्यांना सांगतात की हे धंदे फसवे आहेत. दोन्ही पंधरवडे यासाठी बाद. मी साधा, कंटाळवाणा महिना निवडला होता.

खातेवही

मी हिशेब लिहिणारा, जाहिरातीतलं मला कळत नाही. पण या 2,940 वर 18 टक्के जीएसटी वेगळा लागला असणार, 529 रुपये. खात्यात दुकानाचा जीएसटी नंबर भरला असेल तर त्याची वजावट मिळते. तुमच्या बैठकीत कंपोझिशनवाले छोटे दुकानदार बरेच असतील, त्यांना ती मिळत नाही. त्यांच्यासाठी तुमचे 1,860 म्हणजे 1,331 च. आधी सांगा, नाहीतर नंतर तेच लोक तुम्हाला चौकात धरतील.

आणि एक. रोज 200 म्हणजे रोज 200 च कापले जातात असं सांगू नका. माझ्या एका अशिलाचे एका दिवशी जवळजवळ दुप्पट गेले आणि त्याने रात्री साडेअकराला मला फोन केला. महिन्याच्या हिशेबात ते जुळतं, पण एखाद्या दिवशी दुप्पटीपर्यंत जाऊ शकतं.

मीनाकाकू, रामबाग

चांगला विषय काढलात. माझ्याकडे सासूबाईंची मोठी पितळी परात आहे, कल्हई पार गेलीय, दह्याचं काही ठेवता येत नाही. परातीला किती घेता? आणि गुरुवारी कारागीर असतो का?

बर्तनवाला, इंदूर

काकू, परात बघितल्याशिवाय भाव सांगता येत नाही. मंगळवारी किंवा शुक्रवारी आणा.

दांडियाबाजारकर, बडोदा

माझं फसलेलं घ्या. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान. फेसबुकवरून थेट व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येणारी जाहिरात दिली, रोज 250, दहा दिवस. 64 मेसेज आले. जवळजवळ सगळे "किंमत?" एवढंच विचारणारे, आणि बहुतेक रात्री नऊनंतर. मी दुकान बंद करून जेवायला बसायचो, उत्तर सकाळी. सकाळपर्यंत कोणाला आठवतंय! दोनच विकले गेले. जाहिरातीला दोष देत होतो, मग बायकोने एक दिवस रात्री बसून सगळ्यांना लगेच उत्तरं दिली, किंमत आणि फोटो. त्या रात्रीच्या सातांपैकी तिघी दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. तोवर माझे पैसे संपले होते. पुन्हा घातले नाहीत अजून. रोज रात्री बसायचं कोणी, यावर घरात एकमत नाही.

बर्तनवाला, इंदूर

हे भाषणात घेतो. आमच्याकडे दुकान उघडं असतानाच जाहिरात दिसेल अशी वेळ लावली होती, त्यामुळे हा त्रास झाला नाही. पण ते मी हुशारीने केलं नव्हतं, तो फोन घरी नेण्याचा कंटाळा होता.

अण्णा, सीतलामाता बाजार

चाळीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. तुझा हिशेब सरळ आहे, आवडला. पण एक सांग. आज कल्हईवर तू एकटा आहेस. बैठकीत तू समजावलंस आणि बाजारातल्या दहा भांडीवाल्यांनी तोच शब्द धरला, तर एका क्लिकची किंमत चढणार ना? बोलीच लागते तिथे. मग आमचा नफा बाजारात राहतो की गूगलकडे जातो?

बर्तनवाला, इंदूर

अण्णा, चढणारच. माझ्या 1,860 मध्ये फार जागा नाही, क्लिक दीडपट महाग झाली तर उरतील जेमतेम चारशे. एवढंच म्हणू शकतो की सगळ्यांनी एकच शब्द धरू नये. कोणी देवाच्या समया घ्याव्या, कोणी लग्नाचा भांड्यांचा संच, कोणी जुनं पितळ बदलून देणं. पण तसं वाटून घेतील का, हे आपला बाजार बघता मला सांगता येत नाही.

रविवारी मागणी एवढीच ठेवतोय: तीन दुकानं, प्रत्येकी तीन हजार, एक जादा सिम, एक वही. वही संघाच्या टेबलावर उघडी, कोणीही बघावी. माझी वही आणि तो डबडा फोन घेऊनच जाणार आहे.

अण्णा, सीतलामाता बाजार

वही मला आधी दाखव. साड्यांमध्ये कोणता शब्द धरायचा ते ओट्यावर बसून बोलू. हो म्हणालो असं समजू नकोस.

मीनाकाकू, रामबाग

मंगळवारी येते. ओगराळंही आणू का?