सातव्या वेतनाचा फरक: तुम्ही महिनावार पडताळलात का? अनुभव सांगा

धागा सुरू करणारी, प्राथमिक शिक्षिका

राज्यात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१९ पासून पगारात आला, पण लागू धरला १ जानेवारी २०१६ पासून. मधल्या ३६ महिन्यांचा फरक पाच हप्त्यांत मिळायचा होता. आमच्या शाळेत सगळ्यांनी तक्त्यावर सह्या केल्या. मी तक्ता घरी आणला, जुन्या पगारपत्रकांची पिशवी काढली आणि दोन रविवार बसले.

१ जानेवारी २०१६ ला माझा मूळ पगार ग्रेड पेसह १७,८०० होता. २.५७ ने गुणले की ४५,७४६ येतात. एस-१३ च्या रकान्यात त्याच्या लगेच वरचा आकडा ४६,२००, तोच माझा नवा मूळ पगार. तेव्हा नवा महागाई भत्ता शून्य टक्के होता. जुन्यावर १२५ टक्के होता, म्हणजे १७,८०० अधिक २२,२५० मिळून ४०,०५०. महिन्याचा फरक ६,१५०. जानेवारी ते जूनचे सहाही महिने तक्त्यात बरोबर होते.

जुलै २०१६ ला मात्र तक्त्यात फरक एकदम ४,५७५ झाला होता. माझी वार्षिक वेतनवाढ जुलैची. जुन्या बाजूला ती दिली होती (१८,३४० वर १३२ टक्के, एकूण ४२,५४९), पण नव्या बाजूला मूळ पगार ४६,२०० वरच राहिला होता. तो ४७,६०० व्हायला हवा. त्यावर २ टक्के धरून ४८,५५२ होतात आणि फरक ६,००३. महिन्याला १,४२८ रुपये कमी, फक्त त्या सहा महिन्यांतच ८,५६८. पुढचे सगळे महिनेही त्याच चुकीवर उभे होते.

अर्ज दिला, सेवापुस्तकातल्या वेतनवाढीच्या नोंदीची प्रत जोडली. तीन महिन्यांनी दुरुस्त झाले. तुम्हाला काय सापडले ते लिहा. मला विशेषतः भत्त्यांबद्दल समजून घ्यायचे आहे, कारण तक्त्यात घरभाड्याचा रकानाच नव्हता.

नगरपालिका कर्मचारी

मॅडम, म्हणजे तुमचा घरभाडे भत्ता बुडाला. तेव्हाचे नवे दर २४, १६ आणि ८ टक्के होते. २०१६ पासून नव्या मूळ पगारावर ते लावून पाहा, मोठी रक्कम निघेल. मी माझा असाच काढून अर्ज केला आहे.

निवृत्त लेखाधिकारी, नाशिक

दादा, दर बरोबर सांगितलेत, तारीख चुकली. राज्यात सुधारित घरभाडे १ जानेवारी २०१९ पासून आहे. त्या ३६ महिन्यांत घरभाडे जुन्याच पगारावर जुन्याच दराने देय होते आणि तेच मिळाले. दोन्ही बाजूंना तीच रक्कम, म्हणून रकाना घातला काय आणि नाही काय, फरक शून्यच. अर्जाला नकार आला तर नाराज होऊ नका.

एक अपवाद माझ्या टेबलावर येऊन गेला. एका ताईंची पदोन्नती मागच्या तारखेने मंजूर झाली, त्यामुळे सहाव्या वेतनातलाच मूळ पगार वाढला. मग त्या वाढीव जुन्या पगारावर घरभाड्याचा फरक निघतो. पण तो वेगळ्या देयकात काढायचा, सातव्याच्या तक्त्यात मिसळायचा नाही. मिसळला की पुढे कुणालाच उलगडत नाही.

मॅडमनी चूक पकडली ती पद्धत मला आवडली. फरकाची रक्कम वरून खाली नुसती वाचत जायची. महागाई भत्ता जानेवारी-जुलैला बदलतो, बहुतेकांची वेतनवाढ जुलैला, म्हणून सहा-सहा महिन्यांचे सहा गठ्ठे पडतात. एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात जाताना फरक शंभर-दोनशे, फार तर काही शे रुपयांनी हलतो. हजार-दीड हजारांची उडी दिसली तर त्या महिन्यात काय घडले ते सेवापुस्तकात सापडलेच पाहिजे: पदोन्नती, वरिष्ठ श्रेणी, रजा. काहीच सापडले नाही तर तक्ता चुकला.

कनिष्ठ लिपिक, पंचायत समिती

तक्ते आम्हीच करतो म्हणून दुसरी बाजू सांगते. 'दिलेले' हा रकाना पगारपत्रकावरून भरायचा असतो, पण त्यातच फसगत होते. जानेवारी २०१७ चा १३६ टक्के दर आमच्याकडे प्रत्यक्ष पगारात ऑगस्टपासून आला. आधीच्या सात महिन्यांची थकबाकी नंतर वेगळी निघाली. जानेवारीच्या स्लिपवर १३२ टक्केच दिसतात. तेच उतरवले तर मॅडमच्या पगाराला महिन्याला ७३३ रुपये फरक जास्त दिसेल, आणि थकबाकी घेतली असेल तर तेच पैसे दोनदा जातील. रक्कम कधी हातात पडली ते पाहू नका, कोणत्या महिन्याची होती ते पाहा.

बिनपगारी रजेचेही तसेच. मार्चमध्ये वीस दिवस बिनपगारी असतील तर दोन्ही रकान्यांत अकराच दिवसांचा पगार धरायचा. नव्या बाजूला पूर्ण महिना धरून तयार झालेले तक्ते मी परत केले आहेत. ते लोक माझ्यावर रागावले होते, पण वेतन पडताळणी पथकाकडे सेवापुस्तक गेल्यावर हीच रक्कम निवृत्तीच्या तोंडावर वसूल होते, तेव्हा जास्त लागते.

निवृत्त पोलीस हवालदार

मी २०१४ ला निवृत्त झालो. माझ्या पेन्शनचा फरक वरच्या हिशोबाने जमत नाही, दरमहा सातशे-आठशे कमी येतो. मूळ पेन्शन गुणिले २.५७ करतो मी.

निवृत्त लेखाधिकारी, नाशिक

काका, हा हिशोब वेगळा आहे. तुम्ही २.५७ ने गुणताय ती रक्कम विक्रीनंतर हातात येणारी पेन्शन असावी. अंशराशीकरण केले असेल तर कपातीपूर्वीची पूर्ण पेन्शन गुणायची आणि विकलेला भाग आधी जेवढा कापला जायचा तेवढाच वजा करायचा. त्या कपातीला २.५७ लागत नाही. महागाई वाढही पूर्ण पेन्शनवर. पेन्शनच्या आदेशावर दोन्ही आकडे असतात, ते पाहून सांगा.

रेल्वे कर्मचारी, पुणे

आम्हा केंद्रवाल्यांना मूळ पगार आणि महागाई भत्त्याचा फरक २०१६ च्या ऑगस्टच्या पगाराबरोबर एकदम रोख मिळाला. पण नवे घरभाडे १ जुलै २०१७ पासूनच आले. मधले दीड वर्ष तेही जुन्याच पगारावर, मागचा फरक नाही. संघटनांनी मागणी केली होती. आमच्या कँटीनमध्ये अजूनही त्यावर वाद होतो.

एक सांगावेसे वाटते. फरक ज्या वर्षी मिळतो त्या वर्षी उत्पन्न फुगते. कलम ८९ ची सवलत घ्यायची तर विवरणपत्र भरण्याआधी फॉर्म १०ई भरा. त्यात कोणत्या आर्थिक वर्षाचे किती ते विचारतात, आणि महिनावार तक्ता तिथेच कामाला येतो. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून आस्थापनेत चार फेऱ्या झाल्या.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. घरभाड्याचे कोडे सुटले. नगरपालिकेच्या दादांनी अर्जाचे काय झाले ते जरूर कळवावे.

कृषी सहायक, २०११ ची नेमणूक

माझा प्रश्न अजून तसाच आहे. मी नव्या पेन्शन योजनेत. आमच्या तक्त्यात फरकाच्या रकमेतून दहा टक्के अंशदान कापले आहे, शासनाचा हिस्सा मात्र त्या महिन्यांसमोर कुठेच दिसत नाही. ज्यांच्या खात्यावर तो नंतर जमा झाला असेल त्यांनी तो कोणत्या तारखेला आणि कोणत्या महिन्यांच्या नावाने दिसतो ते सांगाल का? मी विवरण काढून ठेवले आहे, ३६ ओळी समोर आहेत.