मदत हवी आहे: मुलगी टीव्हीला चिकटून बसते, दुकानात मायनस पावणेदोन निघाला

मीनल_ठाणे: मुलगी ८ वर्षांची, तिसरीत. टीव्ही पार तोंडाजवळ जाऊन बघते, कितीदा मागे ओढलं तरी परत तिथेच, आणि बाईंनी सांगितलं की फळ्यावरचं डोळे बारीक करून वाचते. चष्म्याच्या दुकानात मशीनवर दोन्ही डोळे मायनस १.७५ आले. सासूबाई म्हणतात कमी नंबरचा घ्या नाहीतर वाढतच जाईल. काय करू?

गावठी_कट्टा: टीव्ही बंद करा आधी, जवळून बघूनच नंबर लागतो. पोरांना उन्हात खेळायला पाठवा, त्याने फरक पडतो.

सुहास६८: मला पण जवळचं वाचताना त्रास होतो, चाळिशी लागल्यापासून. प्रोग्रेसिव्ह चष्मा सूट होतो का कुणाला?

चष्मेवाला_ऑप्टोम: सुहासजी, तुमचं प्रकरण वेगळं, नवा धागा काढा. मीनलताई, टीव्हीजवळ बसणं हे कारण नाही, लांबचं दिसत नाही म्हणून ती पुढे सरकते. पण दुकानातल्या आकड्यावर चष्मा करू नका. मुलांच्या डोळ्यातला स्नायू मशीनमध्ये बघतानाही आवळलेला राहतो आणि मायनस असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे थेंब घालून तपासा, स्नायू सैल पडला की खरा नंबर कळतो. शनिवारी जा, थेंबांनी एकदोन दिवस जवळचं धूसर दिसू शकतं.

मीनल_ठाणे: जाऊन आलो. थेंब घालून मायनस १.२५ आला! मग दुकानाच्या चष्म्याने अर्धा नंबर उगाच जास्त लागला असता. आता पूर्ण १.२५ द्यायचा की एकचा?

चष्मेवाला_ऑप्टोम: पूर्ण. कमी दिल्याने नंबर थांबत नाही, फळा मात्र धूसरच राहतो. या वयात डोळा मागच्या बाजूला लांब होत जातो म्हणून नंबर वाढतो, साधारण १ मिलिमीटर लांबी वाढली तर अडीच-तीन नंबर. तो चष्म्यामुळे लांब होत नाही. ६ महिन्यांनी परत थेंब घालूनच मोजा, थेंबाशिवायच्या आकड्याशी तुलना केली तर वाढ झाली की नाही कळणारच नाही. डोळ्याची लांबी मोजायचं मशीन असेल तर आजच मोजून ठेवा. वर्षात अर्धा किंवा जास्त वाढला तर वेग जास्त समजायचा. आणि कट्टा म्हणाले ते उन्हाचं बरोबर आहे, रोज दोनेक तास बाहेर असणाऱ्या मुलांना नंबर उशिरा लागतो, पण एकदा लागल्यावर त्याचा उपयोग बराच कमी.

रेवा_पुणे: आमच्याकडे रात्रीचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब चालू आहेत, वाढ मंदावली. पण मध्येच बंद केले तर परत वेगाने वाढू शकतो असं डॉक्टर म्हणाले. मी तर आताच चालू करा म्हणेन.

चष्मेवाला_ऑप्टोम: ८ व्या वर्षी सव्वा म्हणजे पुढे वाढायला बरीच वर्षं आहेत हे खरं, तरी मी एक मोजमाप थांबलो असतो. काही डॉक्टर थांबत नाहीत, हे त्यांनीच ठरवावं.

मीनल_ठाणे: आमचे डॉक्टर म्हणाले सहा महिने बघू. आता प्रश्न असा की ती खेळताना चष्मा काढून ठेवते, चालेल का?