प्रतिसाद: संख्या जुळली, संच चुकला

> "−7 < 3 − 2x ≤ 9 वरून −3 < x ≤ 5 आलं. यात बसणारे पूर्णांक मोजले तर 8, दिलेलं उत्तरही 8. मग बरोबर ना?"

नाही, 8 हा योगायोग आहे. 3 वजा केल्यावर −10 < −2x ≤ 6 मिळतं. −2 ने भागताना दोन्ही चिन्हं उलटतात आणि प्रत्येक चिन्ह आपल्याच टोकाबरोबर जातं: 5 > x ≥ −3. तुम्ही टोकांची जागा बदललीत, पण ≤ मधली "="ची रेघ जुन्याच जागी ठेवलीत.

टोकं मूळ असमानतेत घालून बघा. x = 5 ला 3 − 10 = −7, आणि −7 < −7 खोटं. x = −3 ला 9 ≤ 9 खरं. म्हणजे −3 ते 4, एकूण 4 − (−3) + 1 = 8.

दोन्ही संचांत एक टोक आत, एक बाहेर असल्याने मोजणी जुळली. धन पूर्णांक विचारले असते तर तुमचे 5 आले असते, खरे 4.